गेलेल्या माणसाच्या चेहऱ्याला ‘हो’ कोण म्हणणार?

तमिळ अभिनेते आणि राजकारणी विजयकांत २८ डिसेंबर २०२३ रोजी चेन्नईत वारले. पुढच्या वर्षी ५ सप्टेंबरला ‘द ग्रेटेस्ट ऑफ ऑल टाइम’ हा विजयचा चित्रपट लागला आणि त्यात विजयकांत थोडा वेळ पडद्यावर आले. कुठल्या जुन्या सिनेमातला तुकडा उचलून जोडला असता, तर एवढी चर्चा झाली नसती. हा चेहरा संगणकानं नव्यानं घडवलेला होता आणि प्रसंगही नवा होता. निर्मात्यांनी विजयकांत यांच्या पत्नी प्रेमलता यांची परवानगी आधीच घेतली होती. चित्रपट लागायच्या दोन महिने आधी, जुलैमध्ये, प्रेमलता यांनी एक पत्रकही काढलं. कुटुंबाला विचारल्याशिवाय कुणीही विजयकांत यांचा असा वापर करू नये, असं त्यात बजावलं होतं.

आता एक आडवा प्रश्न. निर्मात्यांनी विचारलंच नसतं तर? किंवा विचारलं आणि प्रेमलता ‘नाही’ म्हणाल्या असत्या, तरीही चेहरा वापरला असता तर? तर कोर्टात जाऊन त्यांना तो थांबवता आला असता का?

आजवरच्या निकालांकडे पाहिलं तर हे फार अवघड गेलं असतं. आपल्याकडे घर, शेत, दागिने, बँकेतल्या ठेवी, एवढंच काय, पुस्तकाचं मानधनसुद्धा वारसांकडे जातं. चेहरा जात नाही.

ही गोष्ट सर्वांत स्पष्टपणे पुढे आली ती सुशांतसिंह राजपूत यांच्या प्रकरणात. जून २०२० मध्ये ते गेले आणि वर्षभरात त्यांच्या आयुष्यावर बेतलेल्या चित्रपटांच्या घोषणा झाल्या. त्यातल्या एकाचं नाव होतं ‘न्याय : द जस्टिस’. सुशांत यांचे वडील दिल्ली उच्च न्यायालयात गेले. मुलाचं नाव, त्याची छबी, त्याच्या आयुष्याची गोष्ट यांवर आता आपला, म्हणजे वारसाचा, हक्क आहे आणि आपल्या संमतीशिवाय कुणी त्यावर पैसा करू नये, असं त्यांचं म्हणणं होतं. जून २०२१ मध्ये न्यायालयानं चित्रपट रोखायला नकार दिला. पुढे ११ जुलै २०२३ रोजी न्यायमूर्ती सी. हरि शंकर यांनी अंतरिम मनाई पुन्हा नाकारली आणि कारण सरळ सांगितलं. खासगीपणाचा, प्रसिद्धीचा आणि व्यक्तिमत्त्वाचा जो काही हक्क होता, तो सुशांत यांचा होता. तो त्यांच्याबरोबर संपला. वडिलांकडे तो वारशानं आलेला नाही, त्यामुळे त्याच्या आधारावर त्यांना दाद मागता येणार नाही. मद्रास उच्च न्यायालयानं २०२१ मध्ये जयललिता यांच्या भाचीच्या प्रकरणात जवळपास हेच म्हटलं होतं. जयललितांवरच्या चित्रपटाला भाचीनं हरकत घेतली होती, ती टिकली नाही.

याच्या शेजारी जिवंत माणसाचं काय होतं ते ठेवून पाहा. २०२४ मध्ये गायक अरिजित सिंग यांनी आणि २०२५ मध्ये आशा भोसले यांनी मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली. आपल्या आवाजाच्या कृत्रिम नकला बनवणाऱ्यांविरुद्ध दोघांनाही मनाई हुकूम मिळाला. जिवंतपणी हे कवच चांगलंच भक्कम झालं आहे. पण दिल्लीच्या निकालाचा तर्क शेवटपर्यंत नेला, तर श्वास थांबला की कवचही गळून पडतं. नकला बनवणाऱ्यानं फक्त वाट पाहायची. मला हा तर्क कायद्याच्या चौकटीत समजतो, पण पटत नाही.

एक गोष्ट मात्र इथे नीट लक्षात ठेवली पाहिजे. सुशांत प्रकरणात पडद्यावर दुसरा नट होता. खऱ्या घटनेवरून सुचलेली गोष्ट कुणीतरी साकारली होती आणि माहितीही वर्तमानपत्रांत आधीच छापून आलेली होती. मेलेल्या माणसाचाच चेहरा हुबेहूब घडवून त्याला नव्या प्रसंगात चालवणं-बोलवणं हा त्याहून वेगळा प्रकार आहे. त्यामुळे ‘घरच्यांना काहीच हक्क नाही’ असं ठामपणे सांगणारा वकील थोडा घाई करतो आहे आणि ‘आम्ही वारस आहोत, आमची परवानगी लागतेच’ असं ठणकावणारे नातेवाईकही घाईच करताहेत.

मग घरच्यांच्या हातात उरतं काय? थोडं उरतं, पण ते वाटेनं नाही, आडवाटेनं. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये, जुन्या दंड संहितेतल्या ४९९ प्रमाणेच, मृत व्यक्तीची बदनामी हाही गुन्हा होऊ शकतो. अट अशी की, ती व्यक्ती जिवंत असती तर तिची अप्रतिष्ठा झाली असती असं काही असावं आणि नातेवाइकांच्या भावना दुखवण्याचा हेतूही असावा. म्हणजे आजोबांना दारूच्या जाहिरातीत नाचवलं तर कदाचित काही करता येईल. त्यांना साबणाच्या जाहिरातीत हसतमुख उभं केलं, तर बदनामी कसली?

काही मोजक्या मृत व्यक्तींना मात्र कायद्यानं नाव घेऊन संरक्षण दिलं आहे. १९५० च्या बोधचिन्हं आणि नावांविषयीच्या केंद्रीय कायद्याच्या परिशिष्टात छत्रपती शिवाजी महाराज, महात्मा गांधी, पंडित नेहरू आणि इंदिरा गांधी यांचं नाव व चित्र आहे. केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय ते धंद्यासाठी वापरता येत नाही. गंमत म्हणजे कॅलेंडरला त्यातून सूट आहे, मात्र त्यावर छापणाऱ्याचं आणि उत्पादकाचं नाव तेवढं असावं, मालाची जाहिरात असू नये. त्या यादीत तुमचे-आमचे वडील नाहीत.

खरी पकड मिळते ती वेगळ्याच जागी. चेहरा घडवायला कच्चा माल लागतो. फोटो, व्हिडिओ, आवाजाच्या फिती. या मालावर कॉपीराइट असतो आणि कॉपीराइट ही मालमत्ता आहे, ती वारसांकडे जाते. १९५७ च्या कायद्याप्रमाणे पैसे देऊन फोटो काढून घेतला असेल आणि उलट करार नसेल, तर त्याचा पहिला मालक पैसे देणारा असतो. म्हणजे वडिलांनी स्टुडिओत पैसे मोजून काढून घेतलेला फोटो त्यांचा, पर्यायानं वारसांचा. वर्तमानपत्राच्या छायाचित्रकारानं सभेत टिपलेला फोटो मात्र त्या वर्तमानपत्राचा किंवा छायाचित्रकाराचा. घरच्यांनी ‘हो’ म्हटलं तरी त्यांची संमती वेगळी घ्यावी लागते. व्यवहारात ही चूक वारंवार होते. कुटुंबाची सही घेतली म्हणजे काम झालं, असं समजून निर्माता पुढे जातो आणि नोटीस येते ती फोटोग्राफरकडून.

इतकी पोकळ जमीन असूनही शहाणे निर्माते परवानगी घेतातच. ‘लाल सलाम’ या चित्रपटाच्या वेळी, २०२४ च्या जानेवारीत, ए. आर. रहमान यांनी बंबा बाक्या आणि शाहूल हमीद या दिवंगत गायकांचे आवाज संगणकाच्या साहाय्यानं एका गाण्यात आणले. दोघांच्या कुटुंबांची परवानगी घेतली आणि त्यांना मानधन दिलं, हे रहमान यांनी आपण होऊन जाहीर केलं. त्याच महिन्यात एस. पी. बालसुब्रह्मण्यम यांचे चिरंजीव चरण यांनी एका तेलुगू चित्रपटाच्या निर्मात्यांना नोटीस पाठवली. वडिलांचा आवाज न विचारता घडवला, अशी त्यांची तक्रार होती. कायदा दोन्हीकडे सारखाच धूसर होता. फरक पडला तो विचारण्या-न विचारण्यानं. सिनेमाचा धंदा लोकांच्या मर्जीवर चालतो आणि पोस्टर लागायच्या आठवड्यात मृताच्या मुलानं टीव्हीवर येऊन नाराजी सांगणं कुणालाच परवडत नाही.

इथवर ‘कुटुंब’ हा शब्द आपण सैलपणे वापरला. कुटुंब म्हणजे नेमकं कोण, हा प्रश्न आला की गाडी अडते.

फ्रेड अॅस्टेअर हे हॉलिवूडमधले नर्तक-नट. १९८७ मध्ये वारले. आपल्यावर चरित्रपट काढू नये, ही इच्छा त्यांनी नोंदवून ठेवली होती. १९९७ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या सुपर बोलच्या वेळी, म्हणजे जेव्हा सगळा देश टीव्हीसमोर असतो तेव्हा, एका व्हॅक्यूम क्लीनरच्या जाहिराती झळकल्या. अॅस्टेअर यांचे जुने नाच घेऊन त्यांच्या हातातल्या वस्तूच्या जागी झाडणारं यंत्र बसवलं होतं. टोपी टांगायच्या खांबाबरोबरचा त्यांचा नाच गाजलेला. तिथे आता खांब नव्हता, क्लीनर होता. परवानगी रीतसर होती. ती दिली होती त्यांच्या दुसऱ्या पत्नी रॉबिन यांनी. पहिल्या पत्नीपासून झालेली मुलगी आवा हिनं कंपनीला पत्र लिहून संताप कळवला. वडिलांच्या इतक्या देखण्या कारकिर्दीनंतर त्यांना असं विकलं, हे तिला सोसवलं नाही. दोघीही घरच्याच. दोघींचंही अॅस्टेअर यांच्यावर प्रेम होतं असं मी धरून चालतो. पण सहीचा अधिकार एकीकडेच होता.

कॅलिफोर्नियात हा अधिकार कायद्यानं वारशात बसवलेला आहे. १९९९ मध्ये, अॅस्टेअर यांच्याच नावानं, त्याची मुदत मृत्यूनंतर ५० वर्षांवरून ७० वर्षांवर नेली गेली. त्यात वाटणीचा हिशेबही आहे. कुणाच्या नावे लिहून दिलं नसेल आणि मूलबाळ नसेल, तर सगळा हक्क पती किंवा पत्नीचा. मुलं असतील तर अर्धा जोडीदाराचा, अर्धा मुलांचा. आणि संमती द्यायची तर निम्म्याहून अधिक हिस्सा असलेल्यांनी मिळून द्यायची. बारकावा पाहा. विधवेकडे बरोबर निम्मा हिस्सा आहे, म्हणजे निम्म्याहून अधिक नाही. तिला निदान एका मुलाला बरोबर घ्यावंच लागतं. मुलंही आईला वगळून परस्पर करार करू शकत नाहीत. मला हा नियम आवडतो. त्यात कुणाचं प्रेम मोठं हे ठरवायचा आव नाही, फक्त एकट्यानं उठून सही करू नये एवढी सोय आहे. २०२५ पासून तिथे संगणकानं घडवलेल्या प्रतिकृतीसाठी आणखी एक तरतूद लागू झाली. चित्रपटात वा कार्यक्रमात मृत कलाकाराची अशी प्रतिकृती विनापरवानगी वापरली, तर निदान दहा हजार डॉलर भरपाई.

आपल्याकडे हिंदू उत्तराधिकार कायदा मृत पुरुषाची मालमत्ता आई, पत्नी, मुलगे, मुली यांच्यात वाटून देतो. पण चेहरा मालमत्ताच नाही म्हटल्यावर हे गणित लागू होत नाही. म्हणून व्यवहारात जो सर्वांत पुढे असतो, ज्याचा फोन नंबर निर्मात्याकडे असतो, तोच ‘कुटुंब’ ठरतो. बहुधा मोठा मुलगा. आईला संध्याकाळी कळतं, बहिणीला चित्रपट लागल्यावर.

आता समजा, सगळ्या घरानं एकमतानं होकार दिला. तरी एक माणूस विचारायचा राहतोच. ज्याचा चेहरा आहे, तो.

पीटर कुशिंग हे इंग्रज अभिनेते ऑगस्ट १९९४ मध्ये वारले. १९७७ च्या पहिल्या ‘स्टार वॉर्स’मध्ये त्यांनी टार्किन हा खलनायक केला होता. २०१६ च्या ‘रोग वन’ मध्ये तोच टार्किन परत हवा होता. गाय हेन्री या नटानं प्रत्यक्ष अभिनय केला आणि त्याच्या चेहऱ्यावर कुशिंग यांचा चेहरा चढवला गेला. त्यासाठी तंत्रज्ञांनी जुनी फिल्म पाहिलीच, शिवाय १९८४ च्या ‘टॉप सीक्रेट’ या विनोदी चित्रपटासाठी कुशिंग यांच्या चेहऱ्याचा घेतलेला साचाही वापरला. सांगायचं म्हणजे पडद्यावरचा चेहरा कुशिंग यांचा होता, पण भुवई उचलायची की ओठ आवळायचे, हा निर्णय हेन्रींचा आणि संगणकापुढे बसलेल्या माणसांचा होता. कुशिंग यांच्या व्यवहाराचं काम पाहणाऱ्यांना विचारलं गेलं होतं, मोबदलाही दिला गेला होता. सगळं रीतसर.

मग एक जुना निर्माता पुढे आला. त्याच्या कंपनीचं म्हणणं असं की, १९९३ मध्ये, म्हणजे मरणाच्या आदल्या वर्षी, कुशिंग यांनी आपल्याशी करार केला होता. त्यात आपल्या संमतीशिवाय अशा तंत्रानं त्यांना पडद्यावर आणलं जाणार नाही असं कलम होतं. १९९३! तेव्हा हे तंत्र बाळसंही धरत नव्हतं. प्रकरण लंडनच्या उच्च न्यायालयात गेलं आणि सप्टेंबर २०२४ मध्ये न्यायालयानं दावा सुनावणीआधीच काढून टाकायला नकार दिला. इंग्लंडच्या कायद्यातही चेहऱ्यावरचा स्वतंत्र हक्क नाही, त्यामुळे दाव्यात दम किती यावर वकील भांडत राहिले. आपल्या कामाची गोष्ट त्याहून साधी आहे. मृत्यूनंतर परवानगी मागणाऱ्यानं वारसांना विचारलं, पण माणसानं हयातीत कुणाकुणाला शब्द देऊन ठेवला होता, याची चौकशी कुणी पुरती केली होती? परवानगीचा कागद करताना पहिला प्रश्न हाच हवा. मृतानं याविषयी काही लिहून, सही करून ठेवलं आहे का?

रॉबिन विल्यम्स यांनी ठेवलं होतं. ११ ऑगस्ट २०१४ रोजी ते गेले. आपलं नाव, सही, छायाचित्र, छबी यांचे हक्क त्यांनी एका धर्मादाय संस्थेकडे दिले आणि मृत्यूनंतर पंचवीस वर्षं त्यांचा वापर करता येणार नाही अशी अट घातली. मुदत संपते ऑगस्ट २०३९ मध्ये. तरी २०२५ च्या शरदात त्यांची मुलगी झेल्डा हिला लोकांना विनवावं लागलं की, माझ्या वडिलांचे हे बनावट व्हिडिओ मला पाठवू नका. कागद धंदा करणाऱ्याला थोपवतो. घरी बसून मौज म्हणून बटण दाबणाऱ्याला तो दिसतही नाही.

हे सगळं नटांचं झालं असं वाटेल, पण आता ते मंगल कार्यालयापर्यंत आलं आहे. लग्नात एलईडी पडद्यावर दिवंगत वडील येतात आणि लेकीला आशीर्वाद देतात. कुटुंबाच्या फोटोत नसलेला माणूस मध्ये उभा करून देणारे स्टुडिओ तर गावोगावी आहेत. एक उदाहरण घेऊ. समजा, साताऱ्याकडचं घर आहे. वडील तीन वर्षांपूर्वी गेले. घरात आई, मोठा भाऊ, धाकटी बहीण. बहिणीचं लग्न आहे आणि भावाला तिला चकित करायचं आहे.

स्टुडिओवाला समोरून आणि बाजूनं काढलेले आठ-दहा स्पष्ट फोटो मागेल, त्यात वय साधारण एकच हवं. पंचविशीतला लग्नाचा फोटो आणि साठीतला आधार कार्डाचा फोटो एकत्र दिला, तर तिसऱ्याच कुणाचा चेहरा तयार होतो. आवाजासाठी मिनिटभराची स्वच्छ फीत लागते, ती बहुधा व्हॉट्सअॅपवरच्या जुन्या निरोपांतून निघते. अंग मात्र दुसऱ्या कुणाचं असतं आणि ते घरच्यांच्या नजरेतून सुटत नाही. पाहुणे टाळ्या वाजवतात. आई बघते की यांनी आशीर्वादाला उजवा हात एकट्याने उचलला, हे तर दोन्ही हात डोक्यावर ठेवायचे. बोली हा आणखी एक घात. ज्यानं जन्मभर ‘काय करायलीस गं’ म्हटलं, तो पडद्यावर बातम्या दिल्यासारखं शुद्ध बोलतो. संवाद कुणी लिहिले? भावानं, रात्री मोबाइलवर, आणि त्यात ‘तुझ्या दादाचं ऐकत जा’ हे वाक्यही घालून दिलं.

माझ्या मते इथेच रेघ मारायला हवी. फोटोत उभं करणं, हलवणं आणि बोलवणं या तीन पायऱ्या वेगळ्या आहेत. घरच्या फ्रेमसाठी वडिलांना कुटुंबाच्या फोटोत आणायचं, तर आई आणि भावंडांनी मान हलवली की पुरे. हलता चेहरा पडद्यावर, शे-पाचशे लोकांपुढे आणायचा असेल, तर ज्याला तो पाहून सर्वाधिक त्रास होऊ शकतो, त्याची संमती आधी हवी. या उदाहरणात ती आई आणि ती नवरी. चकित करण्याच्या हौसेपायी नेमकं त्या दोघींनाच अंधारात ठेवलं जातं, हा या प्रकारातला सर्वांत मोठा दोष आहे. आणि बोलवायचं असेल, तर शब्द त्या माणसाचेच हवेत. जुनं पत्र असेल, रेकॉर्ड केलेला निरोप असेल, तो लावा. नवं वाक्य त्याच्या तोंडी घालायची परवानगी घरातलं कुणी देऊ शकतं असं मला वाटत नाही. घरचे आपल्या दुःखापुरता होकार देऊ शकतात. त्याचं मत काय होतं, याची साक्ष त्याच्याच चेहऱ्यानं देववणं त्यांच्या अधिकारात बसत नाही.

राजकारणात ही अडचण उघडी पडते. २०२४ च्या जानेवारीत एका पुस्तक प्रकाशनाला २०१८ मध्ये वारलेले करुणानिधी पडद्यावर अवतरले आणि बोलले. एप्रिल २०२५ मध्ये नाशिकला शिवसेनेच्या ठाकरे गटाच्या मेळाव्यात बाळासाहेब ठाकरे यांच्या कृत्रिम आवाजातलं भाषण ऐकवलं गेलं. त्यावर विरोधकांनी टीका केली, ती अपेक्षितच होती. पण दोन्हीकडे परवानगीचा मुद्दा उठत नाही, कारण परवानगी देणारे आणि मागणारे एकाच घरचे, एकाच पक्षाचे. अशा वेळी कुटुंबाचा होकार ही ग्वाही राहत नाही. आज हयात असलेल्या प्रतिस्पर्ध्यावर, वारल्यानंतर उभ्या राहिलेल्या वादावर, मेलेला नेता मत देतो आहे. ते मत लिहिणाऱ्याचं नाव पडद्यावर दिसलं पाहिजे, निदान एवढं तरी.

लग्नाच्या उदाहरणाकडे परत जाऊ, कारण स्टुडिओबरोबर जो कागद करायचा तो फारसा कुणी करत नाही. एक पान पुरतं. कुणाकुणाची संमती आहे, त्यांची नावं आणि सह्या. कोणते फोटो आणि कोणत्या फिती दिल्या. नेमकी कोणती वाक्यं बोलली जातील, ती अक्षरशः. कुठे आणि किती वेळा दाखवणार. काम झाल्यावर फोटो, आवाज आणि त्यांवरून तयार केलेली प्रतिकृती किती दिवसांत पुसणार. आणि एक कलम विसरू नका. आमच्या घरातल्या माणसाचा व्हिडिओ तुमच्या कामाचा नमुना म्हणून इन्स्टाग्रामवर टाकायचा नाही. हे घडतं. परक्या लग्नाच्या जाहिरातीत आपले वडील बोलताना दिसले, की कागद नव्हता हे आठवतं. व्हिडिओखाली ‘ही संगणकावर तयार केलेली प्रतिकृती आहे’ अशी ओळ घालायलाही सांगा. दहा वर्षांनी नातवाला तो खराच वाटू नये म्हणून.

या सगळ्यात सर्वांत वजनदार होकार किंवा नकार ज्याचा त्यानं हयातीत दिलेला असतो. आपल्याकडच्या निकालांची स्थिती पाहता मृत्युपत्रातली ‘माझा चेहरा वापरू नका’ ही ओळ कोर्टात कितपत चालेल याची खात्री कुणी देऊ नये, पण घरातला वाद ती बहुतेक वेळा तिथेच मिटवते. आणि फोटो, रेकॉर्डिंग यांचा कॉपीराइट कुणा एकाच्या नावे करून ठेवला, तर त्याच्या हातात खरं हत्यार येतं. कलाकार असाल तर प्रत्येक नव्या करारात प्रतिकृतीविषयी काय लिहिलं आहे ते सही करण्याआधी वाचा. बाकीच्यांनी मृत्युपत्रात चार ओळी घालाव्यात : फोटोत चालेल का, हलता चालेल का, बोलता चालेल का आणि ठरवणार कोण. आपल्याकडे मृत्युपत्र नोंदवणं सक्तीचं नाही. साध्या कागदावर तुमची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या असल्या की ते ग्राह्य धरलं जातं.